आधी दादाचा पगार ठरवा: उद्यमबागमधल्या एका मशीनशॉपचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागमध्ये दोन भावांचे मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून बिडाचे कास्टिंग येते, त्याचे टर्निंग, बोरिंग, ड्रिलिंग होते, माल परत जातो आणि मजुरीचे बिल निघते. कास्टिंग ग्राहकाचे, मशीन आपले. या जॉबवर्कवरच या घराची दोन बिऱ्हाडे तीस वर्षे चालली. ग्राहक निम्मे बेळगावातले, निम्मे कोल्हापूरकडचे.

नावे देत नाही. थोरल्या भावाला आप्पा म्हणू, धाकट्याला काका. काकांचा मुलगा, म्हणजे दादा, डिप्लोमा झाल्या झाल्या शॉपमध्ये आला, त्याला सात वर्षे झाली होती. बँक, हेस्कॉम ही वीज कंपनी, फॅक्टरी खात्याचे कन्नड अर्ज, बैलहोंगलकडच्या ऑपरेटरांची भांडणे हे सगळे तोच बघतो. आप्पांची मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात होती आणि महिन्याला ८५ हजार घेत होती. फर्मचा कर सल्लागार म्हणून मी या घराच्या बैठकांना बसलो. खालचे आकडे थोडे मागेपुढे केले आहेत, प्रमाण तेच ठेवले आहे.

२०२२ च्या दिवाळीत मुलीने विषय काढला. तिला परत यायचे होते, पण 'आप्पांच्या हाताखाली' नव्हे. तिचे म्हणणे असे की जॉबवर्कच्या मजुरीत दर वर्षी घासाघीस होते, तेव्हा काही भाग तरी कास्टिंग स्वतः विकत घेऊन, मशीनिंग करून, तयार माल म्हणून विकावेत. ते काम तिने उभे करायचे.

आप्पा लगेच म्हणाले, "ये की. तुझं नाव घालू फर्ममधे." काका काही बोलले नाहीत. काकूंनी मात्र विचारले, "आणि उद्या लगीन झालं म्हणजे?"

गाठ कुठे होती

वरवर पाहता प्रश्न मुलीचा होता: पुण्याची नोकरी सोडावी का, आणि सोडली तर घरात तिला काय काम. पहिल्या दोन बैठका त्यावरच गेल्या. तिसऱ्या बैठकीत तिने पगार मागितला, महिन्याला ६० हजार. तेव्हा काकांनी पहिल्यांदा तोंड उघडले: "दादा किती घेतो?"

कोणालाच सांगता येईना. दादालाही नाही.

दादाला पगार नव्हता. घरखर्चाला लागेल तसे तो घेई. गाडीचा हप्ता फर्मच्या खात्यातून जाई, विम्याचा हप्ताही, पेट्रोल आणि मोबाइल वेगळे. बिडाचा चुरा भंगारवाल्याला जाई त्याची रोकड काकांच्या खणात पडे आणि तिथून दादाच्या हातात. आम्ही मागच्या वर्षाच्या वह्या घेऊन बसलो आणि बेरीज केली. महिन्याला सत्तर हजारांच्या आसपास निघाले.

दादा चिडला. त्याचा राग मला रास्तच वाटला. सात वर्षे तो समजत होता की आपण घरासाठी फुकट राबतो, आणि आता कागद सांगत होता की तसे नाही. उलट मुलीला वाटत होते की दादाची सगळी चैन फर्मच्या जिवावर चालते. सत्तर हजारांत एक माणूस बँक, वीज आणि कामगार सांभाळत असेल तर तो महाग नाही. पण आकडा मांडलाच नव्हता, त्यामुळे दोघांचेही समज चुकीचे असून पक्के होते.

म्हणून मी म्हटले, मुलीचा विषय महिनाभर बाजूला ठेवा, आधी दादाचा पगार ठरवा. तो ६० हजार ठरला, गाडीचा हप्ता त्याने त्यातून भरायचा, आणि चुऱ्याची विक्री बिलावर, बँकेत. काकांना शेवटची अट सगळ्यात जड गेली. खणातली रोकड गेली म्हणजे मालकी गेल्यासारखे त्यांना वाटत होते.

हे झाले नसते तर पुढचे काहीच टिकले नसते, असे माझे मत आहे. नव्या माणसाने आपल्यासाठी स्पष्ट भूमिका मागितली की जुन्या माणसाची अस्पष्ट भूमिका उघडी पडते, आणि तो त्या मागणीकडे आपल्यावरचा आरोप म्हणून पाहतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पुण्यातच राहण्याचा. तो तिने शेवटपर्यंत उघडा ठेवला, आणि कागदावर सह्या होईपर्यंत राजीनामा दिला नाही. त्यामुळे तिचे बोलणे शांत राहिले.

दुसरा आप्पांचा, लगेच भागीदार करण्याचा. यात माया होती, पण तो सगळ्यात धोक्याचा होता. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार व्यक्तिशः जबाबदार असतो, म्हणजे वसुली त्याच्या खाजगी मालमत्तेपर्यंत जाऊ शकते. कलम ३१ म्हणते की नवा भागीदार आत येण्याआधीच्या देण्याला तो जबाबदार नाही. हे ऐकून आप्पांना हायसे वाटले. पण व्यवहारात बँक काय करते? भागीदार बदलला की कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, कागदपत्रे नव्याने करून घेते आणि नव्या भागीदाराची सही घेते. ती सही झाली की कलम ३१ चा आडोसा उरत नाही. शिवाय कलम १३ सांगते की करारात लिहिले नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मागता येत नाही. म्हणजे नुसते नाव घातले असते तर मुलीला पगार नाही, पण कर्ज आहे, अशी गत.

याच बैठकीत काकांची एक वेगळीच भीती बाहेर आली. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळाला, तेव्हा ही शॉपमध्ये आली की अर्धे शॉप तिचेच, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, आणि कर्नाटकाने तर अविवाहित मुलींसाठी तसा बदल १९९४ मध्येच केला होता, हे खरे. पण तो हक्क एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला. हे शॉप दोन भावांनी स्वतःच्या पैशाने आणि बँकेच्या कर्जाने उभी केलेली भागीदारी फर्म आहे, जागाही फर्मच्या नावावर आहे. शॉपमध्ये कामाला आल्याने त्यात कुणाचा वाटा तयार होत नाही आणि पुण्यात राहिल्याने आप्पांच्या मागे तिला जे मिळायचे ते बुडत नाही. हे एकदा समजल्यावर काका मोकळेपणाने बोलू लागले.

तिसरा पर्याय मुलीचा स्वतःचा. त्याच छपराखाली तिची वेगळी फर्म, जी जुन्या फर्मकडून मजुरीवर मशीनिंग करून घेईल. हिशेब स्वच्छ राहिला असता. पण नव्या फर्मला बँक कर्ज देताना आप्पांचीच हमी मागणार होती, आणि पहिल्या दिवसापासून 'आप्पांच्या मुलीने वेगळी चूल मांडली' अशी उद्यमबागभर बोंब झाली असती.

चौथा पर्याय पगारी नोकर म्हणून येण्याचा, पण एका ठरलेल्या कामाची पूर्ण मुखत्यारी घेऊन, ठरावीक मुदतीसाठी. तो निवडला.

कागदावर काय उतरले

आधी गणित पाहू, कारण भूमिकेची लांबीरुंदी त्यावरूनच ठरली. पहिला भाग होता पंपाचे बेअरिंग हाउसिंग. कास्टिंग १४ किलोचे, ९५ रुपये किलोने १,३३० रुपयांना. मशीनिंगची मजुरी २१० रुपये. तयार मालाला ग्राहक १,६४० द्यायला तयार होता. म्हणजे मजुरी शॉपला देऊन वर शंभर रुपये.

हे शंभर रुपये फुकट येत नाहीत. महिन्याला ६०० नग धरले तर आठ लाखांचे बीड घ्यावे लागते. फाउंड्री तीस दिवसांत पैसे मागते, ग्राहक साठ दिवसांनी देतो. साठा धरून पंधरासोळा लाख कायम अडकतात. त्यावरचे व्याज दहा टक्क्यांनी महिन्याला तेरा हजारांच्या आसपास जाते. शंभर रुपयांनी साठ हजार मिळाले, त्यातून व्याज गेले, तर उरलेल्यात मुलीचा पगारसुद्धा पुरता सुटत नाही. तिने हा तक्ता स्वतःच मांडला, आणि पगाराची मागणी ६० वरून ५५ हजारांवर आणली. काकांवर त्याचा परिणाम झाला. पाच हजारांचे त्यांना काही नव्हते, तोट्याची बाजू तिने आपणहून दाखवली याचे होते.

काकांनी आठ लाखांची मर्यादा घातली, म्हणजे सुरुवात ३०० नगांनी. दोन पानी मराठी कागद झाला, चौघांच्या सह्या झाल्या. त्यातली चार कलमे महत्त्वाची.

पहिले, तयार मालाचा धंदा आणि तपासणीची खोली मुलीकडे, जॉबवर्क पूर्ण दादाकडे. एका व्हीएमसी मिलिंग मशीनवर आणि एका सीएनसी टर्निंग मशीनवर तिच्या मालाला पहिला मान. कास्टिंग पुरवठादार निवडणे आणि एक लाखापर्यंतची खरेदी तिच्या सहीने, त्याहून मोठ्या खरेदीला काकांची सही. पगाराचा आकडा बाजारभावाच्या आतलाच होता. हे आवश्यक होते, कारण भागीदाराच्या नातेवाइकाला अवाजवी पगार दिला तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४०अ(२) खाली तो जादा खर्च नाकारला जाऊ शकत होता.

दुसरे कलम मला सगळ्यात आवडते, आणि ते मुलीनेच मागितले: तिने जबाब द्यायचा तो काकांना, आप्पांना नाही. आप्पा दुखावले. पण बापाच्या हाताखाली काम केले की चूक झाली तर बाप झाकतो, आणि बरोबर झाले तर लोक म्हणतात बापाने केले. काकांनी पास केलेले काम मात्र दादाच्या बापाने पास केलेले असते.

तिसरे, मुदत १८ महिन्यांची. शेवटी भागीदारी, मुदतवाढ किंवा बाहेर, यांपैकी एक. चौथे, सोडताना तीन महिन्यांची सूचना, आणि ही अट दादालाही लागू. काकूंच्या प्रश्नाला हे उत्तर होते. लग्नाचे नाव कागदात कुठेही नाही, जाणाऱ्याने, मग तो कोणीही असो, काम नीट सोपवून जायचे एवढेच आहे.

एप्रिल २०२३ मध्ये ती रुजू झाली.

पुढे काय घडले

पहिला नमुना पास व्हायलाच पाच महिने गेले. त्या काळात तिच्या धंद्याच्या खात्यावर फक्त खर्च होता. दादाने एकदाही टोमणा मारला नाही, हे नोंदवायला हवे.

माल सुरू झाल्यावर खरी अडचण दिसली ती ब्लोहोलची. कास्टिंग बाहेरून गुळगुळीत असते. फेसिंग होते, ड्रिलिंग होते, आणि शेवटी बेअरिंग बसणाऱ्या बोअरवर कट घेतला की आत हरभऱ्याएवढे भोक उघडे पडते. शंभरात चार नग असे निघत होते. फाउंड्री कास्टिंगचे १,३३० रुपये परत करते, पण तोवर घातलेली २१० ची मजुरी बुडते. जॉबवर्कमध्ये कुणी याकडे लक्ष दिले नव्हते, कारण तिथे ग्राहक मजुरी चुकती करत असे.

मुलीने क्रम उलटा केला. सगळ्यात आधी बोअरवर कच्चा कट, मग बाकीचे. भोक असेल तर पहिल्याच कटात दिसते आणि बुडणारी मजुरी पन्नासेक रुपयांवर येते. जुन्या मेस्त्रींनी तक्रार केली की आधी बोअर घेतला तर पुढे पकडायला सोयीची बाजू राहत नाही. त्यांचे अगदी चूक नव्हते, त्यासाठी नग पकडायचे एक फिक्श्चर नवे करावे लागले. दुसरे म्हणजे प्रत्येक खराब नगावरचा हीट नंबर, म्हणजे तो फाउंड्रीच्या कोणत्या ओतीतला हे सांगणारा आकडा, टिपून तो नग तसाच फाउंड्रीकडे परत जाऊ लागला. नंबर नसलेल्या नगाचे पैसे फाउंड्री देत नसे, आणि सुरुवातीला असे बरेच नग भंगारात गेले होते.

आपल्याच चुकीने नग बिघडला तर हिशेब आणखी कडू. १,३३० आणि २१० गेले, भंगाराचे फार तर ४२० आले. १,१२० चा तोटा, म्हणजे अकरा चांगल्या नगांची जादा मिळकत साफ. हा आकडा तिने तपासणीच्या खोलीत फळ्यावर लिहून ठेवला, मराठीत आणि कन्नडमध्ये.

सातव्या महिन्यात भांडण झाले. दादाच्या जुन्या ग्राहकाचे तातडीचे काम आले आणि त्याने तिची व्हीएमसी दोन दिवस घेतली. तिचा माल चुकला. कागदात 'पहिला मान' होता, पण तातडीच्या वेळी काय, हे नव्हते. तिने फोन केला आप्पांना. म्हणजे कागद दोघांनीही मोडला, त्याने मशीनच्या बाबतीत आणि तिने जबाबाच्या बाबतीत. काकांनी दोघांना बसवून नियम केला: दुसऱ्याचे मशीन घ्यायचे तर घ्या, पण तासाला ५०० रुपये आपल्या खात्यातून त्याच्या खात्यात. त्यानंतर दादाची 'तातडी' बरीच कमी झाली. तिलाही दोनदा त्याचे लेथ लागले, तिने पैसे भरले.

थोडे नशीबही होते. १ एप्रिल २०२४ पासून तेव्हाच्या आयकर कायद्याचे कलम ४३ब(ह) लागू झाले. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे कायद्याच्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. अशा उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी फर्मकडे होती. साठ दिवस लावणारा तिचा ग्राहक ४५ वर आला. हे तिचे कर्तृत्व नव्हते, पण त्यामुळेच काकांनी मर्यादा आठ लाखांच्या वर नेली.

१८ महिन्यांच्या शेवटी दोन भाग मिळून महिन्याला ९०० नग जात होते. व्याज, तिचा पगार आणि खराब नग वजा जाता दहाएक हजार उरत होते. धंदा स्वतःचा खर्च भागवत होता, एवढेच म्हणता येईल.

भागीदारी तिने तेव्हाही घेतली नाही, कारण बँकेला जुन्या कॅश क्रेडिटवर तिची सही हवी होती. दादा मात्र भागीदार झाला, काकांच्या वाट्यातून दहा टक्के घेऊन. तयार मालासाठी एप्रिल २०२५ मध्ये चौघांची वेगळी एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी, काढली. तिच्यात भागीदाराची जबाबदारी मर्यादित असते. बँकेने व्यक्तिगत हमी मागितलीच, पण ती फक्त एलएलपीच्या कर्जापुरती, आणि तेवढी सही तिने केली. जुनी फर्म एलएलपीला मजुरीचे बिल लावते, बाहेरच्या ग्राहकाला लावते त्याच दराने. जो पर्याय २०२२ मध्ये 'वेगळी चूल' वाटला असता, तोच अडीच वर्षांनी चौघांच्या संमतीने आला.

वेगळे काय करता आले असते

मशीनच्या तासांचा दर पहिल्याच कागदात हवा होता. दोन धंदे एकाच मशीनवर चालणार हे माहीत असताना 'पहिला मान' हे शब्द पुरेसे नव्हते. ज्या वस्तूवरून भांडण होणार तिला आधीच भाव लावलेला बरा.

१८ महिन्यांची मुदतही आखूड ठरली. नमुना पास होण्याचे पाच महिने धंद्याचे नव्हेतच. मुदत पहिल्या मालाच्या बिलापासून मोजायला हवी होती. काकांनी हात ढिला सोडला म्हणून निभावले.

दादाबद्दल एक प्रश्न माझ्या मनात राहिला आहे. त्याला शॉपमध्ये यायचे होते का, हे सात वर्षांत कुणी विचारले नव्हते, आणि या सगळ्या बैठकांतही कुणी विचारले नाही. पगार ठरला, वाटा ठरला, पण निवड त्याची नव्हती. मुलीच्या हातात पुण्याची नोकरी होती म्हणून ती बोलू शकली. दादाकडे बोलायला तसे काहीच नव्हते.

एलएलपीच्या करारातले बाहेर पडण्याचे कलम अजून कच्चेच आहे. बाहेर जाणाऱ्याचा वाटा वहीतल्या किमतीने द्यावा असे काका म्हणतात. मुलीला तो मागच्या दोन वर्षांच्या नफ्यावरून मोजून हवा, कारण तिच्या कामाचे मोल वहीत कुठेच दिसत नाही. दादा सध्या तिच्या बाजूने आहे. मी दोन्ही पद्धतींनी आकडे काढून दिले आहेत, आणि फरक बराच मोठा आहे.